शेवटची तारीख 12 की 25? एका चलनाच्या अरबी भाषांतराचं प्रकरण

सप्टेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. पाठवणारा ओमानी तरुण. काकांच्या उपचारासाठी दोन महिने मुंबईत राहिलेला, कुलाब्यात खोली घेतलेली, आणि फिरायला काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी. मी रुग्णालयात काकांसाठी दुभाषी म्हणून जात होते, त्यामुळे नंबर या पुतण्याकडे होता. फोटोखाली अरबीत एकच ओळ होती: "उस्ताज़ा, हे काय आहे?"

ते वाहतूक दंडाचं चलन होतं, पण साधं नव्हे. गाडीवरची दोन थकीत चलनं एकत्र करून पाठवलेली लोक अदालतीची दाखलपूर्व नोटीस होती. मजकूर मराठी, आकडे इंग्रजी. गाडी देणाऱ्या कंपनीने ती छापून टेबलावर ठेवली, वरून ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढला आणि खाली "कृपया 2,795 भरा" असं लिहून पाठवून दिला. पैसे ओमानमधल्या सलालाहला राहणारे त्याचे मोठे भाऊ देणार होते, आणि त्यांना सगळं अरबीत वाचल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नव्हता. मला हा हट्ट अगदी योग्य वाटला.

नोटिशीत कामाच्या गोष्टी फार नव्हत्या. दोन गुन्हे, त्यांची कलमं, दोन रकमा, एक बेरीज, पैसे भरायची शेवटची तारीख आणि लोक अदालतीची तारीख. बाकी सगळा सरकारी मसाला. तो थोडा सैल उतरला तर कुणाचं काही बिघडत नाही. या सहा-सात जागांपैकी एक चुकली तर मात्र माणूस चुकीच्या गुन्ह्याचे, चुकीचे पैसे, चुकीच्या दिवशी भरतो. म्हणून भाषांतर नंतर, आधी फोटो वाचणं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जातो आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. मी तो तसा मागवला. तरी दोन जागा अडल्या. एका ओळीत कलम 122 / 177 स्पष्ट होतं, पण दुसऱ्या ओळीत 1, मग ट्यूबलाइटच्या चमकेत बुडालेला अंक, मग 2, पुढे / 183. दुसरी अडचण कागदाच्या घडीची होती. भरण्याच्या तारखेतला दिवसाचा दुसरा अंक नेमका घडीवर आलेला, म्हणजे 12 की 17 ते कळेना.

अशा वेळी अंदाज करायचा मोह होतो, आणि खरं सांगायचं तर अंदाज बहुतेक वेळा बरोबरही निघतो. मला दोन्ही उत्तरं कागदावरूनच काढता आली असती. दुसऱ्या ओळीपुढे मराठीत "वेगमर्यादेपेक्षा जास्त वेगाने वाहन चालविणे" असं लिहिलं होतं. मोटार वाहन कायदा 1988मध्ये वेगमर्यादा घालणारं कलम 112 आहे आणि ती मोडल्याची शिक्षा 183मध्ये. 122 हे रस्त्यात धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करण्याबद्दल आहे, आणि त्याला स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नसल्यामुळे दंड 177 या सर्वसाधारण कलमाखाली बसतो. म्हणजे चमकेत बुडालेला अंक 1च. तारखेचंही तसंच. लोक अदालत 13 सप्टेंबरला होती आणि पैसे त्याआधी भरायचे होते, म्हणजे 17 शक्यच नव्हतं. तरीही मी घडी सपाट करून, खिडकीजवळ ठेवून पुन्हा फोटो मागवला. तर्काने काढलेला अंक आणि कागदावर दिसलेला अंक या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरा फोटो मिळालाच नसता तर भाषांतरात त्या जागी "ग़ैर वादिह", म्हणजे अस्पष्ट, असं लिहून माझा तर्क खाली टिपेत दिला असता. अंकांच्या मध्ये तो गुपचूप बसवला नसता.

रकमांना बेरजेचा आधार होता. पार्किंगचे 500, वेगाचे 2000, एकूण 2500. जुळलं.

मग भाषांतर. इथे मराठी माणसाला एक गंमतशीर धोका असतो, कारण आपल्या कचेरीच्या भाषेत अरबी शब्द खच्चून भरलेले आहेत. कलम, रक्कम, तारीख, मुदत, वसूल, अदालत. अरबी शिकताना पहिल्या वर्षी फार आनंद होतो, अरे, हे तर आपलेच शब्द! दुसऱ्या वर्षी कळतं की ते घर सोडून गेले तेव्हाचे राहिलेले नाहीत. तारीख आणि मुदत आजही जवळजवळ त्याच अर्थाने चालतात. पण "रक्कम" ज्यातून आली तो "रक़म" अरबीत रक्कम नाही, क्रमांक आहे. "रक़म अल्-ग़रामा" लिहिलं तर वाचणारा दंडाचा क्रमांक समजणार, आणि शेजारी 500 दिसलं तर ते चलन क्रमांक 500 म्हणून वाचणार. रकमेला "मब्लग़" हवं. "क़लम" म्हणजे लिहायची लेखणी. कायद्याच्या कलमाला "माद्दा". "अदाला" म्हणजे न्याय, न्यायालय नव्हे. आणि सुनावणीच्या बैठकीला अरबीत "जलसा" म्हणतात, हे मी अजून गंभीर चेहऱ्याने लिहू शकत नाही.

लोक अदालतीचं नाव मी भाषांतरित केलं नाही. अरबी लिपीत तसंच ठेवलं आणि पुढे तीन-चार शब्दांत लिहिलं की ही तडजोडीची बैठक आहे. तिला "महकमा" म्हटलं असतं तर सलालाहमधल्या घरात पुतण्यावर खटला भरला गेला म्हणून रडारड झाली असती. "माद्दा 122" पुढे "भारतीय मोटार वाहन कायदा 1988" हे पूर्ण नाव दोनदा लिहिलं, कारण ओमानला स्वतःचा वाहतूक कायदा आहे आणि नुसता कलम क्रमांक दिला तर भाऊसाहेब तिथलं कलम उघडून बसले असते. त्याच कारणाने गुन्ह्याचं वर्णन ओमानी चलनावर जसं असेल तसं करायचा प्रयत्नही केला नाही. नोटिशीत "अडथळा होईल असे वाहन उभे करणे" आहे, तर अरबीतही तेच. नुसतं "पार्किंग मनाई" नाही.

आता रकमा. ओमानी रियालमध्ये हजार बैसा असतात. बैसा म्हणजे आपला पैसाच. त्यामुळे ओमानी माणसाला दशांशानंतर तीन अंक पाहायची सवय असते. 2.500 म्हणजे त्याच्या डोळ्यांना अडीच रियाल. आमच्या नोटिशीत बेरीज 2,500.00 अशी छापली होती, स्वल्पविराम आणि बिंदू दोन्ही वापरून. अरबी लिपीतला स्वल्पविराम उलटा, आणि काही फॉन्टांत अंकांमधला स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह ओळखू येत नाहीत. म्हणून मी कोणतंही चिन्ह न ठेवता 2500 लिहिलं आणि शेजारी अक्षरांत. "रूबिया" एवढंच न लिहिता "रूबिया हिंदिया". पाकिस्तान, श्रीलंका आणि इंडोनेशिया यांच्या चलनालाही अरबीत हाच शब्द आहे. ओमानमध्ये 1970 पर्यंत भारताने छापलेला आखाती रुपया चालत होता, त्यामुळे तिथल्या वयस्कर माणसाच्या तोंडी रुपया अजूनही आहे. रियालमध्ये किती होतात ते मी लिहिलं नाही. तो हिशोब बँक त्या दिवशीच्या दराने करते. भाषांतरात घातलेली रक्कम ही नोटिशीतली रक्कम वाटते आणि लोक तेवढेच पाठवतात.

अक्षरी रकमेत एक फार बारीक सापळा आहे. अरबीत हजाराला "अल्फ" आणि दोन हजाराला द्विवचन "अल्फान". पण पुढे लगेच वस्तूचं नाव आलं की शेवटचा "न" गळतो आणि उरतं "अल्फा रूबिया". लिहिताना "अल्फ रूबिया" आणि "अल्फा रूबिया" यांत फक्त एका उभ्या रेघेचा, एका अलिफचा फरक. एक हजार आणि दोन हजार यांच्यामध्ये एक रेघ! पुसट झेरॉक्सवर ती रेघ कुणालाही दिसणार नाही. म्हणून मी अंक आधी लिहिला, मग सुटं "अल्फान", आणि मग "रूबिया हिंदिया". व्याकरण थोडं अवघडतं, पण दंडाच्या कागदात मला ते चालतं.

अंक कोणते ठेवायचे, हाही प्रश्न असतो. अरबीचे स्वतःचे अंक आहेत आणि ओमानात ते चालतात. पण त्यांतला पाच म्हणजे पोकळ गोळा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्या देवनागरी शून्याला सरावलेल्या डोळ्याला अरबी 500 पाहिलं की "शून्य, ठिपका, ठिपका" दिसतं. मी चूक केली तर मलाच दिसणार नाही, अशी ही जागा. शिवाय पैसे भरताना कलम आणि चलन क्रमांक पडद्यावर जसे दिसतात तसेच कागदावर असावेत. म्हणून सगळीकडे इंग्रजी अंक ठेवले.

इथवर काम चांगलं झालं होतं. दोन रकान्यांचा तक्ता केला, उजवीकडे अरबीत नाव, डावीकडे आकडा. तारखा मूळ नोटिशीत 12-09-25 आणि 13-09-25 अशा आखूड छापलेल्या होत्या. "आकडे जसेच्या तसे" हा माझा नियम, म्हणून तशाच ठेवल्या. तक्ता तीनदा तपासला. मग पुतण्या म्हणाला, भावाला फाइल उघडायला कंटाळा येतो, मेसेजमध्येच पाठवाल का? मी तक्त्यातला मजकूर उचलला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकला आणि पाठवून दिला. बाहेर पडायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाजी निरोप आला. भाऊ म्हणतात, 25 तारखेपर्यंत वेळ आहे ना, मग पगार झाल्यावर पाठवतो.

मी 25 कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. भावाच्या फोनचा स्क्रीनशॉट मागवला आणि पोटात गोळा आला.

```
मी टाइप केले : 12-09-25      122 / 177
त्यांना दिसले : 25-09-12      177 / 122
```

एकही अंक बदलला नव्हता. बदलला होता फक्त दिसण्याचा क्रम. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, पण अरबीतलेसुद्धा अंक डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. एका ओळीत दोन्ही आले की कोण कुठे उभं राहणार, हे फोन किंवा संगणक युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी ठरवतो. त्या नियमांत अंकाच्या आधी अरबी अक्षर आलं असेल तर अंकांची जात बदलते. मग मधली आडवी रेघ त्यांना बांधून ठेवत नाही, ती ओळीच्या दिशेने जाते, आणि 12, 09, 25 हे तीन सुटे डबे उजवीकडून डावीकडे लागतात. माझ्या तक्त्यात तारीख स्वतःच्या चौकोनात एकटी होती, तिच्या आधी एकही अरबी अक्षर नव्हतं, म्हणून ती सरळ दिसत होती. मेसेजमध्ये रकाने मोडले, "शेवटची तारीख" हे अरबी शब्द तिच्या आधी येऊन चिकटले आणि ती उलटली. कलमांचं तसंच झालं, पण कारण थोडं वेगळं. तिरकी रेघ दोन अंकांना चिकटून असेल तर ती जोडी टिकते. नोटिशीत रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली होती आणि मी ती इमानाने उतरवली. त्या जागेने जोडी तुटली. दुसऱ्या ओळीतलं 112/183 मी सवयीने चिकटून टाइप केलं होतं, ते सरळ राहिलं. एकाच मेसेजमध्ये एक कलम उलटं आणि एक सुलटं, हे पाहून शंका यायला हवी होती. पण ते पाहणाऱ्याला कलमांशी घेणं नव्हतं.

वर्ष चार अंकी असतं तर कदाचित निभावलं असतं. 2025-09-12 असं उलटं दिसलं तरी वर्ष कुठलं ते कळतं. दोन अंकी 25ला मात्र दिवस म्हणूनही वाचता येतं. आकडे जसेच्या तसे ठेवायच्या माझ्या नियमाचा मीच चुकीचा अर्थ लावला होता. ठेवायची असते ती तारीख, तिच्या छपाईचा आकार नव्हे.

दुरुस्तीत तारखा महिन्याच्या नावाने लिहिल्या. ओमानी वाचकासाठी "सब्तंबर". इराकी किंवा सीरियन असता तर "ऐलूल" लिहावं लागलं असतं. वर्ष पूर्ण. मुदतीसाठी "क़ब्ल", म्हणजे आधी, हा शब्द टाळला, कारण त्याने 12 तारीख स्वतःच बाहेर पडते आणि नोटिशीत "12 पर्यंत" होतं. त्या दिवसासकट, असं स्पष्ट लिहिलं. वार घालावा का, यावर जरा थांबले. 12 सप्टेंबर 2025 शुक्रवार होता, आणि ओमानात शुक्रवार-शनिवार सुट्टी. वार दिसला असता तर कुणीतरी "मग रविवारी भरू" म्हणालं असतं. मूळ नोटिशीत वार नव्हता, मीही घातला नाही. 122 / 177च्या आधी न दिसणारं एक चिन्ह टाकलं, जे संगणकाला सांगतं की इथून डावीकडून उजवीकडे. वर्डमध्ये 200E टाइप करून लगेच Alt+X दाबलं की ते बसतं. महत्त्वाच्या ओळी अशा झाल्या:

```
المادة: ‎122 / 177
المبلغ: 500 روبية هندية، خمسمائة روبية هندية فقط
آخر موعد للدفع: 12 سبتمبر 2025م، ويشمل هذا اليوم
```

आणि या वेळी मेसेज नाही. पानाचं चित्र करून पाठवलं. चित्रातले अंक कुठल्याही फोनवर हलत नाहीत.

पाठवण्याआधी मात्र ते रत्नागिरीच्या एका काकांकडे गेलं. मस्कतमध्ये उमर घालवून आता आंब्याच्या बागेत बसलेले गृहस्थ. मूळ नोटीस त्यांना दाखवली नाही. फोनवर म्हटलं, "काका, अरबी वाचा आणि मला मराठीत फक्त आकडे सांगा, मी कोऱ्या कागदावर लिहिते." ते वाचत गेले, मी लिहीत गेले, आणि मग माझा कागद फोटोशी ताडला. सगळं जुळलं, फक्त एका ठिकाणी काका थांबले. "अगो बाय, हे 2795 कुठून आलं? वर तर 2500 सांगितलंस."

बरोबर होतं त्यांचं. गाडीवाल्या कंपनीचा 2,795चा मेसेज पुतण्याला हवा होता म्हणून मी तो त्याच पानावर खाली उतरवला होता. कंपनीला फोन केला तेव्हा कळलं, 250 त्यांचं सेवाशुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 45. म्हणजे 295 रुपये कंपनीचे, सरकारचे नव्हेत. "मॅडम, आम्ही टोटल अमाउंट सांगतो," एवढंच त्यांचं म्हणणं. मी ते दुसऱ्या पानावर हलवलं, वर "ही रक्कम नोटिशीत नाही, कंपनीच्या मेसेजमध्ये आहे" असं अरबीत लिहून. द्यायची की नाही, ते भाडेकरारात पाहणं त्यांचं काम.

भावांचा पुढचा प्रश्न दंडाबद्दलच होता. सी लिंकवर वेगाचं चलन झालं तेव्हा गाडी पुतण्याच चालवत होता का, आणि पार्किंगचं चलन त्याच्या आधीच्या भाडेकरूचं तर नव्हे? नोटिशीवर गुन्ह्यांच्या तारखा होत्या, करारावर गाडी ताब्यात घेतल्याची. मी दोन्ही अरबीत शेजारी-शेजारी मांडल्या. दोन्ही गुन्हे त्याच्याच दिवसांतले निघाले. तो काही बोलला नाही.

पैसे भरायला मी नोटिशीतली लिंक टाइप करू दिली नाही. चलनाच्या नावाने खोट्या लिंका फिरतात, आणि फोटोतून लिंक टाइप करताना एक अक्षर चुकलं की कुठे जाऊ सांगता येत नाही. महाराष्ट्राच्या वाहतूक चलनांचं संकेतस्थळ mahatrafficechallan.gov.in आहे. तिथे गाडीचा क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. ते भाडेकरूकडे नसतात, म्हणून कंपनीच्या माणसाला शेजारी बसवून उघडलं. पडद्यावर 122/177 समोर 500, 112/183 समोर 2000.

10 सप्टेंबरला, बुधवारी, पैसे भरले गेले. पावतीचा फोटो पुतण्याने सलालाहला पाठवला, आणि दहा मिनिटांत माझ्याकडे: भाऊ विचारतायत, पावतीचंही अरबी मिळेल का?